डी५० की डी६५, ८० की १२०: फोटोसाठी मॉनिटर कॅलिब्रेट करताना

स्क्रीनचे रंग मोजणारा कलरीमीटर हातात आला, सॉफ्टवेअर उघडलं की ते लगेच तीन आकडे मागतं: ब्राइटनेस, म्हणजे निटमध्ये मोजलेला स्क्रीनचा उजेड; व्हाइट पॉइंट, म्हणजे पांढऱ्याची छटा; आणि गॅमा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढतो त्याचा वक्र. वाचायला गेलं तर दोन गट दिसतात. एक म्हणतो डी६५, म्हणजे साधारण ६५०० केल्विनचा निळसर पांढरा, १२० निट, गॅमा २.२ ठेवा आणि कामाला लागा. दुसरा, बहुतेक छपाईशी संबंध असलेला, म्हणतो डी५०, म्हणजे साधारण ५००० केल्विनचा पिवळसर पांढरा, आणि त्यातही स्क्रीन मंद, ८० निटच्या आसपास. मी दोन्ही वापरून पाहिलं आहे. माझं काम मुख्यतः लग्नाचे अल्बम आणि लॅबमधून येणारे प्रिंट, तेव्हा पुढचं त्या बेताने वाचावं.

डी५०च्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. छापील काम तपासण्याचं आयएसओ ३६६४ हे मानक डी५० प्रकाशच धरतं. प्रेसमध्ये तशा दिव्याची पेटी शेजारी असेल आणि तिच्यात प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, ठेवून स्क्रीनशी ताडायचं असेल, तर डी५०च बरोबर. तिथे माझा काही वाद नाही.

पण आपल्याकडे घरात, स्टुडिओत डोक्यावर बहुधा ‘कूल डेलाइट’ ट्यूब असते, खोक्यावर ६५०० केल्विन छापलेली. माझं मत पक्कं झालं ते या ट्यूबमुळे. डोळा खोलीतल्या पांढऱ्याला सरावतो. भिंत, टेबलावरचा कागद, मोबाइल सगळं ६५००च्या आसपास आणि मधोमध डी५०ची स्क्रीन, म्हणजे ती पिवळीच दिसणार. ‘अर्ध्या तासात सवय होते’ असं म्हणतात. अंधाऱ्या खोलीत होतेही. ट्यूब चालू असताना मला तरी कधी झाली नाही. नवरदेवाचा पांढरा झब्बा समोर आला की हात आपोआप टेंपरेचरचा स्लायडर निळ्याकडे नेतो, आणि प्रिंटमध्ये तोच झब्बा जास्त नीळ घातल्यासारखा दिसतो. प्रत्येक फाइलवर मनाला आवर घालत काम करणं, हा त्रास मला आकड्यांतल्या कुठल्याही फायद्यापेक्षा मोठा वाटला.

शिवाय डी५०ची किंमत मोजावी लागते. डी६५वर असलेला, एसआरजीबी या नेहमीच्या रंगपल्ल्याचा साधा पॅनेल डी५०वर ओढायचा तर निळा आणि थोडा हिरवा खाली आणावा लागतो. हिशेब केला तर निळ्याची वरची पायरी २५५वरून साधारण २०४वर येते आणि एकूण उजेड सुमारे १५ टक्के घटतो. काळा मात्र होता तेवढाच राहतो, म्हणजे कॉन्ट्रास्टही त्याच प्रमाणात कमी. मॉनिटरच्या मेनूत आर-जी-बी गेन असेल तर निदान तिथेच ही घट करता येते. लॅपटॉपवर ती सगळी ग्राफिक्स कार्डातल्या रंगदुरुस्तीच्या तक्त्यातून होते आणि राखाडी उतारावर गुलाबी-हिरवट पट्टे दिसण्याची शक्यता वाढते.

ब्राइटनेसबाबत मात्र मी पहिल्या गटासोबत नाही. प्रिंट काळे येतात ही नेहमीची तक्रार मुख्यतः इथून येते. टेबलावरच्या कागदाचा उजेड काढणं सोपं आहे: लक्स गुणिले ०.९, भागिले ३.१४. माझ्या टेबलावर साधारण ३०० लक्स पडतात, म्हणजे पांढरा कागद ८६ निटचा. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट; स्क्रीन १२०वर असेल तर ती कागदापेक्षा जवळजवळ अर्धा स्टॉप उजळ. लॅपटॉप आहे तसा २५०वर ठेवला तर दीड स्टॉप. अशा स्क्रीनवर ‘बरोबर’ केलेला फोटो त्या टेबलावर गडद वाटणारच, लॅबने काहीही केलं नसलं तरी. म्हणून मी ९० ठेवतो. ५०० लक्सच्या उजेडात बसत असाल तर हाच हिशेब १४३ देतो. तिथे १२०सुद्धा कमीच. आकडा खोलीचा आहे, मॉनिटरचा नाही. खिडकीतून दिवसभर ऊन आत-बाहेर करत असेल तर आधी पडदा लावावा, नाहीतर कुठलाच आकडा टिकत नाही.

गॅमावर लोक सर्वांत जास्त भांडतात आणि त्याने फरक सर्वांत कमी पडतो. फोटोशॉप किंवा लाइटरूम प्रोफाइल वाचून वक्र स्वतःच जुळवून घेतं. तेव्हा पॅनेलच्या मूळ वक्राच्या जवळचं घ्यावं, बहुतेक मॉनिटरांवर ते २.२च असतं. डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाप्रमाणे चढणारा एल-स्टार हा वक्र कागदावर आकर्षक आहे, पण ग्राफिक्स कार्डाच्या आठ बिटांच्या तक्त्यात वक्र जास्त वाकवला की सावल्यांतल्या पायऱ्या गळतात. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा राखाडी उतार उघडून कॅलिब्रेशन चालू-बंद करून पाहा, लगेच कळतं.

तर माझी नोंद डी६५, ९० निट, २.२. ग्राहकही अल्बम बहुधा घरच्या ट्यूबखालीच उघडतो, प्रेसच्या पेटीत नाही. तुमच्या खोलीत पिवळसर एलईडी असतील तर डी६५ निळसर भासेल. तेव्हा ५८००च्या आसपासचा मधला आकडा घेऊन स्क्रीनवरचं कोरं पान आणि शेजारचा कागद डोळ्यांनी ताडून पाहावं. आणि ज्या मॉनिटरमध्ये कॅलिब्रेशन आतच साठवता येतं, तिथे डी५०ची दुसरी नोंद प्रेसच्या कामापुरती करून ठेवायला हरकत नाही.