लेखाची सुरुवात: ‘आजच्या धकाधकीच्या युगात’ की घासलेला दगड?

समजा पेपरसाठी फुटपाथवर सातशे शब्दांचा लेख लिहायचाय आणि तुमच्याकडे दोन सुरुवाती आहेत.

पहिली: ‘आजच्या धकाधकीच्या युगात शहरांचा विकास होतोय खरा, पण त्यात सामान्य माणूस हरवत चाललाय.’

दुसरी: ‘आमच्या गल्लीच्या तोंडाशी फुटपाथच्या मधोमध डीपी आहे. तिच्यावर कायम कुणाच्यातरी चपला वाळत असतात. तिच्या जरा अलीकडे कडेचा दगड घासून गुळगुळीत झालाय, कारण येणारा-जाणारा तिथेच रस्त्यावर उतरतो.’

पहिली दोन मिनिटांत होते, घराबाहेर पडायला लागत नाही, हा तिचा एकच फायदा. पण ‘शहरांचा’ खोडून ‘शिक्षणाचा’ घाला, लेख बदलला तरी वाक्य तसंच चालतंय की! आणि त्याला कोण नाही म्हणणार? मग पुढे पटवायचं काय? माझ्या शाळेतल्या निबंधांतही युग धकाधकीचंच होतं.

दुसरीत दगडच मुद्दा मांडतो. पुढच्याच पॅरात सांगता येतं की रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या सूचनांप्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, मोकळी म्हणजे खांब, डीपी, झाडं सोडून, आणि इथे टेप लावला तर डीपीच्या बाजूला एक माणूस अंग चोरून जेमतेम जाईल एवढंच उरतं. हाच आकडा पहिल्या सुरुवातीनंतर आला असता तर सरकारी जीआर वाचल्यासारखा वाटला असता.

आता चपला. मला त्या फार आवडल्या होत्या, पण शेवटी काढल्या, कारण त्या नुसत्या गमतीच्या आहेत, लोक रस्त्यावर उतरतात हे त्यांतून कळत नाही, दगडातून कळतं. तपशील विचित्र असून भागत नाही, तिसऱ्या-चौथ्या पॅरात तो परत कामाला आला पाहिजे.

दुसऱ्या सुरुवातीतही लोक घसरतात बरं का. एक म्हणजे प्रसंग लांबतो. ऐंशी-शंभर शब्दांत ‘हे का सांगतोय’ आलं नाही की वाचणारा पान उलटतो. दुसरं, एका गल्लीवरून अख्ख्या शहराचा निकाल लावतात, म्हणून मी आणखी चार रस्ते चालून मोजले, तेव्हा कुठे ‘बहुतेक ठिकाणी’ असं लिहायची हिंमत झाली. आणि तो ‘परवा एक रिक्षावाला म्हणाला’वाला रिक्षावाला, जो नेमकं लेखकाच्या मनातलंच बोलतो, तो घरी बसून बनवलेला आहे हे लगेच कळतं. त्यापेक्षा ते धकाधकीचं युग परवडलं.

कालच कोर्टाचा निकाल लागला असेल तर मात्र दोन्ही नकोत, सरळ निकालानेच सुरू करा, लोक तेच वाचायला आलेत. बाकी वेळी मी दगड घेईन. त्यासाठी एकदा चप्पल घालून गल्लीच्या तोंडापर्यंत जावं लागतं, एवढाच त्रास.