नऊ परत, तीन विकली, दोन ‘क्लायंटकडे’

गॅलरीकडे चित्रं ठेवताना सगळं गोडीगुलाबीत होतं. खरा रंग दिसतो तो ती परत मागितल्यावर. आणि बऱ्याचदा गॅलरीला पळवाट मिळते ती चित्रकाराच्याच मेसेजमधल्या एखाद्या ढिल्या वाक्यातून.

आधी एक फरक पक्का करू. जहांगीरसारख्या ठिकाणी दालन भाड्याने मिळतं. आठवडा संपला की आपली चित्रं आपणच उतरवतो, त्यामुळे परत मागायचा प्रश्नच येत नाही. कन्साइनमेंटचं तसं नसतं. चित्र गॅलरीच्या ताब्यात जातं, पण विकलं जाईपर्यंत मालक चित्रकारच असतो. गॅलरी त्याच्या वतीने विकते, साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं कमिशन ठेवते आणि उरलेलं त्याला देते. न्यूयॉर्क राज्यात कन्साइनमेंटवरची चित्रं आणि त्यांचे पैसे ही विश्वस्त म्हणून सांभाळायची ठेव मानणारा खास कायदा आहे. आपल्याकडे हे काम 1872 च्या करार कायद्यावर भागवावं लागतं. त्यात गॅलरी दोन नात्यांनी बांधलेली असते: माल सांभाळणारी म्हणून आणि एजंट म्हणून. कलम 160 प्रमाणे मुदत संपली की मालकाने मागण्याची वाट न पाहता वस्तू परत करायची असते. कलम 213 प्रमाणे मागितल्यावर हिशेब द्यावाच लागतो.

आता प्रकरण. कोल्हापूरकडचा चित्रकार आणि मुंबईतली गॅलरी. ॲक्रिलिकची 14 कॅनव्हास, करार एक वर्षाचा, कमिशन 40 टक्के. वर्ष संपून वर पाच महिने गेले, तेव्हा चित्रकाराने व्हॉट्सॲपवर लिहिलं: ‘सर, न विकली गेलेली चित्रं परत हवी होती, आणि जे काही पेमेंट असेल ते करून टाका.’

नम्र आहे, पण दोन्ही अर्धी वाक्यं त्याच्या अंगाशी आली. ‘न विकली गेलेली’ म्हटल्यावर कुठली विकली गेली हे ठरवणं गॅलरीच्या हातात गेलं. ‘जे काही असेल’ म्हटल्यावर रक्कमही तिच्याच हातात गेली. उत्तर आलं: तीन विकली, नऊ घेऊन जा, दोन क्लायंटकडे पाहायला दिली आहेत.

पत्र असं असावं की प्रत्येक चित्राला उत्तर द्यावं लागेल. ईमेलने पाठवायचं आणि तेच स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. मजकूर साधारण असा:

‘अमुक तारखेचा कन्साइनमेंट करार मी संपवत आहे. हे पत्र मिळाल्यापासून सोबतच्या यादीतलं कोणतंही चित्र विकण्याचा, राखून ठेवण्याचा किंवा कुणाला पाहायला देण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही. यादीतल्या क्र. 1 ते 14 या प्रत्येक चित्रासमोर आजची स्थिती लिहावी: गॅलरीत आहे, विकलं किंवा बाहेर आहे. विकलं असल्यास विक्रीची तारीख, बिल क्रमांक, गिऱ्हाइकाने दिलेली रक्कम आणि ती जमा झाल्याची तारीख द्यावी. बाहेर असल्यास कोणत्या तारखेला आणि कोणत्या डिलिव्हरी चलनावर गेलं ते लिहावं. हा हिशेब 7 दिवसांत आणि चित्रं 15 दिवसांत मिळावीत.’

करारात नोटिशीची मुदत दिलेली असेल तर तीच पाळायची. नाहीतर गॅलरी तेवढंच एक तांत्रिक कारण धरून बसते. सोबतची यादी म्हणजे नाव, माप, माध्यम, वर्ष, ठरलेली किंमत आणि पुढून-मागून फोटो. या प्रकरणात चलनावर फक्त ‘पेंटिंग्ज 14 नग’ एवढंच होतं. असं असेल तर यादी मागून उभी करावी लागते: ट्रान्सपोर्टची बिल्टी, गॅलरीला पाठवलेली किंमतयादी, प्रदर्शनाचं कॅटलॉग, व्हॉट्सॲपवरचे फोटो. चॅट आधीच एक्स्पोर्ट करून ठेवायचं आणि मूळ फोन विकायचा नाही. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना 2023 च्या साक्ष अधिनियमातल्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि ते मूळ यंत्र हाताशी असलं की सोपं जातं.

‘क्लायंटकडे पाहायला’ हे उत्तर सगळ्यात सावधपणे घ्यायचं. पाहायला दिलेलं चित्र चलनावर जातं आणि आठ-पंधरा दिवसांत परत येतं किंवा त्याचं बिल होतं. महिनोन्‌महिने कुणी चित्र नुसतं पाहत नाही. चलन मागितल्यावर टाळाटाळ झाली, तर बहुतेक वेळा ते विकलं गेलेलं असतं आणि पैसे गॅलरीच्या भाड्यात नाहीतर पुढच्या प्रदर्शनात जिरलेले असतात. इथेही तसंच झालं. दोनपैकी एक चित्र एका इंटिरियर डिझायनरच्या इन्स्टाग्राम पोस्टमध्ये दिसलं, पुण्यातल्या फ्लॅटमधल्या सोफ्याच्या वर, आणि पोस्ट होती चार महिन्यांपूर्वीची. असं काही सापडलं तर पोस्टची तारीख आणि लिंक दिसेल असा स्क्रीनशॉट आधी घ्यायचा, गॅलरीला विचारायचं नंतर. विचारल्यावर पोस्ट गायब होते.

मात्र त्या फ्लॅटचं दार ठोठावून उपयोग नसतो. 1930 च्या माल विक्री कायद्याचं कलम 27 असं आहे की मालकाच्या संमतीने ताब्यात असलेला माल एजंटाने धंद्याच्या नेहमीच्या ओघात विकला आणि घेणाऱ्याने तो प्रामाणिकपणे घेतला, तर त्याची मालकी पक्की होते. एजंटाला अधिकार नव्हता हे घेणाऱ्याला माहीत असेल तरच गोष्ट वेगळी. म्हणून चित्राऐवजी पैशाचा दावा करायचा, तोही गॅलरीवर. आणि याचसाठी विक्री थांबवल्याची तारीख कागदावर लवकरात लवकर यायला हवी.

विकलेल्या तीन चित्रांचा हिशेब आला तो नुसत्या एका आकड्यात. सुटं करून मागितल्यावर कुठे काय मुरलं ते दिसलं. क्र. 6 घेऊ, 36 बाय 48 इंच, ठरलेली किंमत 1,20,000 रुपये. गॅलरीने गिऱ्हाइकाला 20 टक्के सूट दिली आणि 96,000 घेतले. मग कमिशन काढलं मूळ किमतीवर: 1,20,000 चे 40 टक्के, म्हणजे 48,000. उरले 48,000. त्यातून फ्रेमचे 6,500 आणि फोटोग्राफीचे 1,500 वजा केले. चित्रकाराच्या हाती 40,000.

करारात मात्र लिहिलं होतं की 10 टक्क्यांपर्यंतची सूट दोघांनी सोसायची आणि त्यापुढची गॅलरीने आपल्या कमिशनमधून. म्हणजे चित्रकाराचा वाटा 1,08,000 च्या 60 टक्के, 64,800. फोटोग्राफीचा खर्च करारात नव्हताच. फ्रेमची गंमत तर बिलाची प्रत आल्यावर कळली: गिऱ्हाइकाकडून फ्रेमचे पैसे वेगळ्या ओळीत आधीच घेतले होते. एका चित्रामागे 24,800 रुपये गेले, आणि तेही ‘सेटलमेंट’ या गोंडस शब्दाखाली.

बिलाची प्रत मागितली की ‘क्लायंटचं नाव गोपनीय असतं’ हे ठरलेलं उत्तर मिळतं. त्यावर वाद घालू नये. नाव आणि पत्ता झाकून द्या म्हणावं; तारीख, बिल क्रमांक आणि रक्कम झाकायचं काही कारण नाही. जीएसटी बिलावर वेगळा दाखवलेला असतो. चित्रकाराच्या वाट्यातून तो पुन्हा कापलेला नाही ना, ते पाहावं. टीडीएस कापला असं म्हणत असतील तर तो आपल्या पॅनवर खरंच भरला गेला का, हे आयकर खात्याच्या संकेतस्थळावर दिसतं. कापला म्हणायचं आणि भरायचा नाही, हाही एक प्रकार आहे.

चित्रं आणायच्या दिवसाबद्दल थोडं जास्त सांगावं लागेल. गॅलरीचा माणूस टेम्पो दारात उभा असताना एक छापील कागद पुढे करतो: ‘सर्व चित्रं सुस्थितीत मिळाली, कोणतंही येणं बाकी नाही.’ ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो, पार्किंगचा वाद चाललेला असतो, आणि सही होते. ती एकच सही पुढे वर्षभर नडते. पावतीवर स्वतःच्या हाताने लिहायचं: ‘यादीतली फक्त पुढील नऊ चित्रं मिळाली, क्रमांक अमुक. स्थिती पॅकिंग उघडून पाहिली. हिशेब आणि उरलेल्या पाच चित्रांबाबतचे हक्क राखून.’ नाही म्हणाले तर तोच मजकूर तिथूनच ईमेल करायचा आणि मग माल उचलायचा.

पॅकिंग गॅलरीतच उघडायचं, घरी नेऊन नाही. ॲक्रिलिक रंग उन्हाळ्यात मऊ पडतो. बबल रॅप थेट रंगाला लावून दोरीने आवळला की बुडबुड्यांचे गोल ठसे पृष्ठभागावर उठतात. मध्ये ग्लासिन कागद हवा, तो नसेल तर निदान बटर पेपर. हे ठसे समोरून दिसत नाहीत. मोबाईलचा टॉर्च कॅनव्हासच्या कडेला, जवळजवळ समांतर धरला की सावलीत एकेक गोल दिसायला लागतो. याच उजेडात दाबलेले कोपरे आणि तडेही दिसतात. मागची बाजू पाहायचीच: मुंबईच्या पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवलेल्या कॅनव्हासवर मागून बुरशीचे करडे ठिपके येतात आणि कॅनव्हास ताणलेली लाकडी चौकट, म्हणजे स्ट्रेचर, पिळली जाते. स्टेपलच्या जुन्या भोकांशेजारी नवी भोकं दिसली तर कॅनव्हास काढून गुंडाळला होता असं समजावं.

एवढ्यात कुणीतरी म्हणतं, ‘पाच महिन्यांचं स्टोरेज भरा, मग चित्रं न्या.’ करार कायद्याच्या कलम 221 प्रमाणे एजंटाला आपलं खरं येणं वसूल होईपर्यंत त्या मालावर अडवणुकीचा हक्क असतो, हे नाकारता येत नाही. पण तो त्याच मालाचं कमिशन, त्यावर झालेला खर्च आणि दिलेली सेवा एवढ्यापुरता. करारात स्टोरेज नव्हतं, तर ते येणंही नाही. रक्कम किरकोळ असेल आणि चित्रं सडत असतील, तर ‘हरकत नोंदवून, मान्य नसताना भरत आहे’ असं लिहून बँकेतून भरावी आणि चित्रं बाहेर काढावीत. भांडण नंतरही करता येतं. बुरशी थांबत नाही.

पोलिसांकडे गेल्यावर ‘हे दिवाणी आहे’ हे ऐकायची तयारी ठेवावी. विकलेल्याचे पैसे दाबून ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मधल्या विश्वासघातात बसू शकतं, पण त्यासाठी नुसती थकबाकी पुरत नाही; लबाडीचा हेतू दिसावा लागतो. ‘पाहायला दिलंय’ हा मेसेज आणि त्याआधीच्या तारखेच्या पोस्टचा स्क्रीनशॉट शेजारी ठेवले की बोलणं बदलतं. दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षं असते, एजन्सी चालू असताना हिशेब मागून नाकारला गेल्यापासून. तेव्हा मागितलाच नसेल तर एजन्सी संपल्यापासून. ‘पुढच्या महिन्यात बसू’ असं म्हणत दोन दिवाळ्या सहज जातात.

इथे वकिलाच्या नोटिशीनंतर पुण्यातल्या चित्रासह चार विक्रींचे पैसे चेकने आले. पाचवं चित्र अजून ‘शोधतो आहोत’ वर आहे. चेक न वटल्यास बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती पोचल्यावर 15 दिवसांची वाट आणि त्यापुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार, असा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 चा क्रम आहे. पण तो सुरू व्हायला चेक मुदतीत बँकेत जावा लागतो, आणि मुदत असते चेकवरच्या तारखेपासून तीन महिने. या चेकवरची तारीख हातात पडली त्या दिवशीच अडीच महिने जुनी होती.