पंचवीस प्रती की शंभर? छापचित्राची आवृत्ती आणि किमतीचे टप्पे

ड्रायपॉइंटमध्ये, म्हणजे धातूच्या पत्र्यावर थेट सुईने ओरखडून काढलेल्या छापचित्रात, ओरखड्याने वर आलेली धातूची कड दाबयंत्राखाली लवकर चेपते आणि दहा-वीस प्रतींनंतर रेषेचा मखमलीपणा जातो, त्यामुळे तेथे आवृत्ती किती मोठी ठेवायची हे बहुधा पत्राच ठरवतो. संगणकीय फाइलवरून पिगमेंट शाईने सुती कागदावर काढलेल्या प्रिंटची शंभरावी प्रत मात्र पहिलीसारखीच निघते. म्हणजे पंचवीसांतील सातवी प्रत सांगणारा ७/२५ हा पेन्सिलीने लिहिलेला आकडा निव्वळ चित्रकाराचा शब्द असतो. पुढील तुलना या दुसऱ्या प्रकारापुरती आहे.

एका प्रतीचा छपाईखर्च १,२०० रुपये धरू. पहिला पर्याय शंभर प्रतींचा, सरसकट २,५०० रुपयांना. दुसरा पंचवीस प्रतींचा: पहिल्या दहा ६,००० रुपयांना, पुढील आठ ८,००० ला, नंतरच्या पाच ११,००० ला आणि अखेरच्या दोन १६,००० ला. सर्व प्रती विकल्या गेल्यास शंभरांतून खर्च वजा जाता १,३०,००० रुपये उरतात, पंचवीसांतून १,८१,०००. तथापि सर्व प्रती विकल्या जाणे हे नवख्या चित्रकाराच्या वाट्याला क्वचितच येते. शंभरांपैकी तीसच गेल्या तर ३९,००० हाती राहतात. पंचवीसांपैकी केवळ पहिला टप्पा संपला तरी ४८,०००. मागणीनुसार छापता येत असल्याने न विकलेल्या प्रतींचा भार कोणत्याच पर्यायात पडत नाही. चित्राला स्वस्त भेटवस्तू म्हणून खरोखर मोठे गिऱ्हाईक असेल, तरच मी शंभरांकडे वळेन.

टप्प्यांची खरी अडचण दुसऱ्या पायरीवर येते. पहिल्या दहा प्रती बहुधा मित्र, नातेवाईक आणि जुने ग्राहक घेतात, त्यामुळे त्या झपाट्याने गेल्या म्हणून बाजार ८,००० द्यायला तयार आहे असे मानणे फसवे असते. अनोळखी ग्राहक किती होते, हे पाहावे. विक्री थांबली तर थांबू द्यावी, किंमत खाली आणू नये, कारण तसे केल्यास आधी जास्त दाम मोजलेल्या ग्राहकावर अन्याय होतो. म्हणूनच या दुसऱ्या पायरीची झेप सुमारे एक तृतीयांशाची ठेवणे बरे. गॅलरीतून विकताना कमिशन अनेकदा निम्म्यापर्यंत जाते. तरीही तेथील आणि स्टुडिओतील किंमत एकच असावी. वाढीव दाम विक्रीच्या क्रमाचे असते, प्रतीच्या दर्जाचे नव्हे, हेही ग्राहकाला सांगावे.

आवृत्तीबाहेरच्या, चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या आर्टिस्ट प्रूफ दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे येथे दोन-तीनच असाव्यात आणि त्या विकायच्याच झाल्यास शेवटच्या टप्प्याच्या भावाने विकाव्यात.

आकाराबाबतचे मौन सर्वांत महागात पडते. अमेरिकी छायाचित्रकार विल्यम एगल्स्टन यांनी पूर्वी मर्यादित आवृत्तीत विकलेल्या छायाचित्रांचे मोठे डिजिटल प्रिंट २०१२ मध्ये लिलावात आणले, तेव्हा जुन्या प्रतींच्या एका संग्राहकाने त्यांच्यावर दावा लावला. न्यूयॉर्कमधील न्यायालयाने २०१३ मध्ये तो फेटाळला. कायदा छायाचित्रकाराच्या बाजूने गेला, पण ग्राहकाचा समज वेगळाच होता. तेव्हा पंचवीस हा आकडा सर्व आकार आणि माध्यमे मिळून आहे की केवळ या एका आकाराचा, हे टप्प्यांच्या तक्त्यासह पहिली प्रत विकण्यापूर्वीच प्रमाणपत्रावर छापून घ्यावे.