एकराचे चौरस फूट: ४३,५६० की ४५,३६०?

वऱ्हाडात कपाशीची झाडं मोजताना हा आकडा लागतोच. पहिला मार्ग म्हणजे आठवेल तो आकडा धरणे. पण अंकांची अदलाबदल झाली तरी आकडा तितकाच ओळखीचा वाटतो, म्हणून "पक्कं पाठ आहे" ही खात्री कच्ची.

दुसरा मार्ग गुंठ्याचा. गुंठा ३३ × ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट; चाळीस गुंठ्यांचे ४३,५६०. ४५,३६० ला चाळीसने भागलं तर १,१३४ येतात, गुंठा जुळत नाही. इथे ठामपणे बोलावं.

सातबाऱ्यावरच्या ०.४० हेक्टरवरून मात्र सुमारे ४३,०५६ मिळतात. त्यातून "त्रेचाळीस हजारांच्या आसपास" एवढंच म्हणता येतं, कारण एकर खरा ०.४०४७ हेक्टर.