सोळा महिन्यांनंतर: माझ्या क्रेडिट कार्डाचा एक पॉइंट खरोखर किती पैशांचा?

बँकेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि नियम बँकेगणिक वेगळे असतात. माझ्या कार्डावर दर १५० रुपयांच्या खर्चाला २ पॉइंट मिळतात आणि व्हाउचर घेतल्यास एका पॉइंटचे २५ पैसे होतात. कागदावर हा परतावा सुमारे ०.३३ टक्के आहे. प्रत्यक्षात तो किती पडतो हे पाहण्यासाठी मी ऑक्टोबरचे स्टेटमेंट वहीत ओळीओळीने उतरवून घेतले.

त्या महिन्यात कार्डावर एकूण ४२,३०० रुपये खर्च झाले. त्यांतील घरभाडे १८,०००, विम्याचा हप्ता ६,३००, पेट्रोल ४,००० आणि वॉलेटमध्ये भरलेले २,००० अशा ३०,३०० रुपयांवर एकही पॉइंट जमा झाला नाही, कारण हे सर्व खर्च नियमांत वगळलेले आहेत. उरलेल्या १२,००० रुपयांवर १६० पॉइंट मिळतील असे मला वाटले होते, मिळाले १३८. फरक शोधताना लक्षात आले की हिशेब महिन्याच्या बेरजेवर होत नसून प्रत्येक व्यवहारावर स्वतंत्रपणे होतो आणि १५० च्या पटीत न बसणारी रक्कम सोडून दिली जाते. ४,४८० रुपयांच्या किराण्यात १५० चे २९ पूर्ण गट होतात, म्हणून ५८ पॉइंट आले; २९० रुपयांच्या बिलाला मात्र दोनच पॉइंट आणि १४० रुपयांच्या बिलाला शून्य. छोटी बिले अधिक असणाऱ्या घरात ही गळती मोठी असते. १३८ पॉइंटांचे झाले ३४ रुपये ५० पैसे, म्हणजे एकूण खर्चाच्या सुमारे ०.०८ टक्के.

घरभाड्याने तर उलट नुकसान केले. पॉइंट शून्य, शिवाय एक टक्का शुल्क १८० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे २१२ रुपये ४० पैसे जास्तीचे गेले. पुढच्या महिन्यापासून भाडे थेट बँक खात्यातून देऊ लागलो.

कोणता खर्च वगळला जाणार हे आपण काय विकत घेतले यावर ठरत नाही, तर दुकानदाराच्या यंत्राला त्याच्या बँकेने दिलेल्या चार अंकी व्यवसाय-संकेतावर ठरते. हे मला एका पेट्रोल पंपाच्या आवारातील दुकानात कळले. तेथे १,२६० रुपयांचे बिस्किट, साबण आणि तेल घेतले, पण दुकानातले यंत्र पंपाचेच होते, त्यामुळे तो खर्च इंधनाच्या खात्यात गेला आणि १६ पॉइंट आले नाहीत. ग्राहक सेवेशी बोलल्यावर बाईंनी शांतपणे सांगितले की संकेत बदलणे त्यांच्या हाती नाही. तेव्हापासून मोठे बिल भरल्यावर ॲपमध्ये त्या व्यवहारासमोर पॉइंट दिसतात का, हे मी आठवडाभरात तपासतो. दुकान चुकीच्या गटात आहे हे ओळखण्याचा याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही. परत केलेल्या मालाचे पॉइंट वजा होतात, ते योग्यच आहे. १,८५० रुपयांचे कपडे परत केल्यावर माझे २४ पॉइंट गेले.

मुदतीच्या बाबतीत मी एकदा फसलो. खर्चावरचे पॉइंट जमा झाल्यापासून २४ महिने टिकतात, हे मला माहीत होते. पण कार्ड घेताना मिळालेल्या ५०० बोनस पॉइंटांची मुदत फक्त १२ महिने होती आणि ती माहिती स्वागतपत्राच्या मागच्या पानावर होती. ते पॉइंट, म्हणजे १२५ रुपये, न वापरताच संपले. संदेश आला तो संपल्यानंतर. बँकेने महिनाभर आधी एक ओळ पाठवायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग वेळोवेळी थोडे थोडे पॉइंट का वापरू नयेत? कारण प्रत्येक विनंतीला ९९ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ११६ रुपये ८२ पैसे लागतात. १,००० पॉइंटांच्या २५० रुपयांतून हे वजा केले, तर हाती १३३ रुपये येतात आणि पॉइंट १३ पैशांवर येतो. ३,००० पॉइंट एकदम वापरले, तर तोच २१ पैशांचा राहतो. कार्डाच्या बिलातून रक्कम वळती करायची म्हटली, तर दर मुळातच १५ पैसे आहे, म्हणून तो पर्याय मी घेणार नाही.

सध्या माझ्याकडे २,१४० पॉइंट आहेत. पहिल्या महिन्याचे पॉइंट संपायला आठ महिने उरले आहेत आणि जुने पॉइंट आधी वापरले जातात, त्यामुळे ती तारीख येण्याच्या पंधरा दिवस आधी सगळे एकाच विनंतीत व्हाउचरसाठी वापरायचे ठरवले आहे. तोपर्यंत महिन्याला १३८ च्या आसपास भर पडत राहिली, तर ते ३,१०० च्या पुढे जातील आणि शुल्क एकदाच भरावे लागेल.