८० टक्क्यांची मर्यादा: लॅपटॉपवर ठेवली, फोनवरची काढली

माझ्या आधीच्या लॅपटॉपची बॅटरी फुगली होती. आधी ट्रॅकपॅडचं क्लिक जड झालं, मग टेबलावर ठेवला की लॅपटॉप डुगडुगायला लागला. खालचं झाकण उघडलं, तर सपाट असायला हवी ती बॅटरी उशीसारखी वर आलेली. तो लॅपटॉप जवळजवळ तीन वर्षं टेबलावरच होता, चार्जर कायम लावलेला आणि आकडा कायम १००. म्हणून नवीन लॅपटॉप आला त्याच दिवशी मी चार्जिंग ८० टक्क्यांवरच थांबेल अशी मर्यादा लावली. दोन महिन्यांनी फोन घेतला, त्यावरही लावली. लॅपटॉपवर आता ११ महिने झाले, फोनवर ९ महिने वापरून बघितली. लॅपटॉपवर ती राहणार आहे. फोनवर मात्र माझ्या वापरात ती परवडली नाही.

दोन्हीकडे बॅटरी लिथियम-आयनचीच, मग निकाल वेगळा का? सेल जितका भरलेला, तितकं त्याचं व्होल्टेज जास्त. व्होल्टेज चढं असलं की आतल्या इलेक्ट्रोलाइटचं हळूहळू विघटन होत राहतं. त्यातून थोडा वायू तयार होतो आणि कामाचं लिथियमही कमी होत जातं. त्यात उष्णतेची भर पडली, की हे सगळं आणखी वेगाने होतं. यात खरा मुद्दा वेळेचा आहे. बॅटरी १०० ला पोहोचली म्हणून लगेच काही बिघडत नाही. ती तिथे रोज किती तास बसून राहते, त्यावर सगळं ठरतं.

माझा लॅपटॉप दिवसाचे नऊ-दहा तास चार्जरला असतो. मर्यादा नसती तर ते सगळे तास बॅटरीने १०० वर, तेही गरम प्रोसेसरच्या शेजारी काढले असते. आता ती ८० वर थांबते, लॅपटॉप थेट चार्जरवर चालतो आणि बॅटरी शांत पडून राहते. यात माझं रोजचं काहीच जात नाही, कारण उरलेले २० टक्के टेबलावर लागतच नाहीत.

बॅटरीची तब्येत मी विंडोजच्या अहवालात बघतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये एवढंच टाकायचं:

```
powercfg /batteryreport
```

एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडायची. त्यातल्या दोनच आकड्यांकडे बघायचं: DESIGN CAPACITY म्हणजे बॅटरी बनवताना ठरलेली क्षमता आणि FULL CHARGE CAPACITY म्हणजे आज ती पूर्ण भरली तर किती मावेल याचा अंदाज. माझ्याकडे पहिला आकडा ५७,००० मिलिवॉट-तास आहे. दुसरा सुरुवातीला जवळजवळ तेवढाच होता.

पाचव्या महिन्यात मात्र मी हादरलो. दुसरा आकडा एकदम ५१,००० च्या खाली आला होता. त्याच आठवड्यात बाहेर बॅटरीवर काम करत असताना १४ टक्के दिसत असताना लॅपटॉप धाडकन बंद पडला. मर्यादा लावूनही दहा टक्के क्षमता गेली, मग उपयोग काय, असंच वाटलं.

दोन दिवस डोकं घातल्यावर कळलं, की चुकत होता तो मोजणारा. टक्क्यांचा आकडा कुणी बॅटरीत डोकावून काढत नाही. आत किती करंट गेला, बाहेर किती आला, याचा हिशेब एक चिप ठेवते. त्या हिशेबात रोज बारीक चूक साठते. ती दुरुस्त करायला चिपला खात्रीच्या खुणा लागतात, आणि त्या दोन टोकांना असतात: बॅटरी पूर्ण भरलेली किंवा जवळजवळ रिकामी. मधल्या पट्ट्यात व्होल्टेज फारसं बदलत नाही, त्यामुळे तिथे नेमका अंदाज बांधणं अवघड जातं. माझी बॅटरी पाच महिने ७५ ते ८० मध्येच होती. चिपला एकही खूण मिळाली नव्हती.

मग मी मर्यादा काढली, १०० पर्यंत चार्ज केलं आणि तसंच दोन तास लावून ठेवलं. नंतर चार्जर काढून नेहमीचं काम करत बॅटरी ८ टक्क्यांपर्यंत उतरवली आणि मध्ये न थांबता पुन्हा पूर्ण भरली. नव्या अहवालात आकडा ५६,००० च्या वर होता. क्षमता कुठेच गेलेली नव्हती. तेव्हापासून दीड-दोन महिन्यांतून एकदा हे करतो, आणि अचानक बंद पडणं पुन्हा झालेलं नाही. आज अहवाल ५५,४०० दाखवतो, म्हणजे ११ महिन्यांत जेमतेम तीन टक्के घट. मर्यादा नसती तर किती झाली असती, हे याच लॅपटॉपवर सिद्ध करता येणार नाही. पण ट्रॅकपॅड अजून पहिल्या दिवसासारखा हलका आहे. आयफोनवर मर्यादा लावली तरी तो अधूनमधून आपणहून १०० पर्यंत चार्ज होतो, त्याचं कारणही हेच, मोजणी ताळ्यावर ठेवणं. असं दिसलं तर सेटिंग बिघडलंय असं समजू नका.

आता फोन. माझा फोन ५,००० मिलिअँपिअर-तासांचा आहे. ८० ची मर्यादा लावली की त्यातले १,००० पहिल्या दिवसापासून बाजूला पडतात. माझा दिवस सकाळी सातला सुरू होतो आणि १०० वरून निघालो तर रात्री दहाला साधारण २० टक्के उरतात. ८० वरून निघालो तर तिथेच शून्य. म्हणजे रोज संध्याकाळी कुठेतरी चार्जर शोधायचा, नाहीतर पॉवर बँक लावायची. मी बहुतेक वेळा पॉवर बँक लावून फोन खिशात टाकायचो आणि तो चांगलाच तापायचा. बॅटरी जपायला निघालो आणि तिला उष्णतेत घातली.

बरं, यात सायकल वाचतात असंही नाही. सायकल म्हणजे एकूण १०० टक्के वापर. दोनदा ५० टक्के वापरले तरी एकच सायकल धरतात. दिवसभरात मी जेवढी वीज खर्च करतो, तेवढी करणारच. शिवाय फोन १०० वर बसायचा तो फक्त रात्री, आणि त्यावर वेगळा इलाज आहे: रात्रभर ८० वर थांबून उठायच्या आधी उरलेलं भरणारं चार्जिंग. आयफोनमध्ये ते Optimized Battery Charging या नावाने आहे, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह या नावाने. माझ्या उठण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत, त्यामुळे ते नीट चालतं. ज्यांच्या कामाच्या पाळ्या बदलतात त्यांना त्याचा तेवढा भरवसा धरता येणार नाही.

ज्याचा फोन रात्री झोपताना रोज ४०-५० टक्क्यांवर असतो, त्याने ८० ची मर्यादा जरूर लावावी. त्याचं काहीच अडणार नाही. ज्यांच्या फोनमध्ये ८५, ९०, ९५ असे टप्पे आहेत, त्यांनी आठवडाभर झोपताना उरलेले टक्के बघावेत आणि त्यावरून टप्पा निवडावा. गाडीत नकाशा चालू ठेवून तासन्‌तास चार्जरवर राहणारा फोन किंवा स्टँडवर कायम जोडलेला टॅब असेल, तर तो माझ्या लॅपटॉपच्याच गटात येतो. तिथे ८० च हवी.

लॅपटॉप घेऊन बाहेर जायचं असेल, तर आदल्या रात्री मर्यादा काढायला विसरू नका. शेवटच्या २० टक्क्यांत चार्जर करंट कमी कमी करत नेतो, त्यामुळे निघायच्या अर्धा तास आधी लावून भागत नाही. माझ्याकडे ८० ते १०० ला जवळजवळ एक तास लागतो.