दिवाळी हॅम्परचं ॲप, सहा महिने आणि चकलीची दोन जादा खोकी

ॲपचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांना स्क्रीनच्या वर्णनावरून कळेलच. आमचा भोसरी एमआयडीसीतला छोटा कारखाना, १८६ माणसं, आणि दरवर्षी दिवाळीचे बॉक्स आम्हीच कँटीनमध्ये भरतो. जुलैत हे ॲप घेतलं. राखी आणि गणपतीला साधे मिठाईचे डबे होते, तेव्हा काही तक्रार नव्हती. खरी परीक्षा दिवाळीत झाली.

आधी राग काढते. माणसागणिक आत काय जायचं ते या ॲपमध्ये 'आहार' या रकान्यातून ठरतं आणि तिथे एकच पर्याय निवडता येतो. आमच्याकडे जैन २२, बिनसाखरेवाले २७ आणि दोन्ही लागू असलेले ६. त्या सहा जणांसाठी हाताने चौथा प्रकार बनवावा लागला. नेहमीचे उरले १३१. इथवर ठीक.

मग व्हेंडर ऑर्डरचं बटण दाबलं. चकली चारही प्रकारांत तीच, २०० ग्रॅमचं पाकीट, खोक्यात २० पाकिटं. कांदा-लसूण नाही, साखर नाही, सगळ्यांना चालते. १८६ पाकिटांना १० खोकी पुरतात, वर १४ शिल्लक. ॲपने मागवली १२! कारण ते प्रत्येक प्रकारासाठी वेगळं वर ढकलतं: १३१ ला ७ खोकी, २२ ला २, २७ ला २ आणि त्या सहा जणांसाठी अख्खं १ खोकं. सहा जणांना वीस पाकिटं. ऑर्डर थेट व्हेंडरच्या व्हॉट्सॲपवर जाते, मी एकूण आकडा नीट पाहिला नाही, ही चूक माझी. पण खाण्याचा माल कोण परत घेतो? ४० पाकिटं, ९५ रुपयांप्रमाणे ३,८०० रुपये. आणि कर्मचाऱ्यांना वाटलेल्या भेटवस्तूंवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही (कलम १७(५)(एच)), म्हणजे त्यातला करही अंगावरच.

कस्टमर केअरला फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, प्रत्येक प्रकाराचा स्टॉक वेगळा राहावा म्हणून तसं ठेवलंय." मी म्हटलं, "अरे, चकलीला काय ठाऊक ती जैनाच्या बॉक्समध्ये चाललीय की मधुमेह्याच्या?" तिकीट उघडलं, तिकीट बंद झालं. 'अपेक्षेप्रमाणे काम करते' असा शेरा. तेव्हापासून मी ऑर्डर ॲपमधून पाठवतच नाही. वस्तूनिहाय यादी शीटमध्ये उतरवते, आधी सगळ्या प्रकारांची बेरीज करते आणि मगच खोक्यांच्या पटीत वर नेते:

```
=CEILING(SUM(B2:B5),20)
```

दुसरा वैताग कराचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅकबंद नमकीन १२ टक्क्यांवरून ५ वर आलं. आमची ऑर्डर त्याआधी निघालेली, माल आणि बिल नंतर आलं, बिल योग्य दराने ५ टक्क्यांचं. ॲपमध्ये ऑर्डर एकदा गेली की दर बदलत नाही, म्हणून बिल जुळेना. अकाउंट्सच्या काकांनी दोन दिवस ते अडकवून ठेवलं. शेवटी जुनी ऑर्डर रद्द दाखवून नवी काढली.

एवढं नोव्हेंबरात लिहून ठेवलं होतं आणि दोन तारे देणार होते. रजेत रागाने टाकायचं राहिलं ते बरं झालं, कारण पॅकिंगची गोष्ट आठवली की हात आखडतो.

आमचा क्रम असा: पुठ्ठ्याचा बॉक्स उभा करायचा, खाली कागदाचे कात्रण, सुकामेवा, चिवडा, चकली, उटणं, दोन पणत्या, आणि सगळ्यात शेवटी बेसन लाडूची बरणी, कारण ती सर्वांत उशिरा येते. मग श्रिंक फिल्म, हीट गन, लेबल. वाटप गुरुवारी १६ ऑक्टोबरला, म्हणजे वसुबारसेच्या आदल्या दिवशी. लाडू १५३ बॉक्सांत जायचे (नेहमीचे आणि जैन), बाकीच्यांना मखाणे. बरण्या बाराच्या खोक्यांत, म्हणून १५६ मागवल्या. १३ तारखेला ९६ आल्या, उरलेल्या ६० दुसऱ्या दिवशी दुपारी.

आता ॲपची खोड. 'पॅक झाले' दाबल्याशिवाय लेबल छापत नाही, आणि 'एक वस्तू यायची आहे' अशी पायरीच नाही. ९६ बरण्या संपल्यावर टेबलावरच्या बायकांनी काम थांबू नये म्हणून लाडवाची जागा मोकळी ठेवून बॉक्स भरले, बटण दाबलं, लेबलं चिकटवली आणि बॉक्स भिंतीकडे सरकवले. दुसऱ्या दिवशी त्यांत बरण्या घातल्या, पण सगळ्यांत नाही. फिल्म चढल्यावर बाहेरून सगळे सारखेच.

कळलं कसं? १५ तारखेला संध्याकाळी तीन बरण्या उरायला हव्या होत्या, उरल्या चौदा. म्हणजे अकरा बॉक्स लाडवाविना. १८६ बॉक्स फोडायचे की काय या विचारानेच घाम फुटला. स्टोअरच्या दादांनी विचारलं, "ताई, कोणी किती वाजता बटण दाबलं ते दिसतं का?" दिसतं! प्रत्येक पायरीची वेळ आणि दाबणाऱ्याचं नाव ॲप ठेवतं. बरण्या संपल्यापासून दुसरा लॉट येईपर्यंत दाबलेले बॉक्स चाळले, बिनसाखरेचे बाजूला काढले, उरले ३८. ते कँटीनच्या काट्यावर ठेवले. पूर्ण बॉक्स १,४५० ग्रॅमच्या आसपास, पणत्या मातीच्या असल्यामुळे वीसेक ग्रॅम इकडे-तिकडे. बरणीचं वजन २८०. अकरा बॉक्स १,१७० च्या आगेमागे निघाले. तेवढेच फोडले, पाऊण तासात काम आटोपलं.

वजनाचा भरवसा मात्र बेताचाच. बिनसाखरेचा पूर्ण बॉक्स मुळातच १,२६० भरतो, म्हणून प्रत्येक प्रकाराचे पाच-सात बॉक्स आधी तोलून वेगळा आकडा लिहून ठेवावा लागतो. उटण्याची पुडी पंचावन्न ग्रॅमची, ती राहिली तर शंका येते, खात्री होत नाही. आणि जैन बॉक्समध्ये कांदा-लसणाचा चिवडा गेला तर काटा काहीच सांगत नाही, दोन्ही पाकिटं तेवढ्याच वजनाची. त्यासाठी आम्ही बोहरी आळीतून हिरवे गोल स्टिकर आणून चिवड्याच्या पाकिटावर आणि बॉक्सवर आधीच लावले होते. ॲपच्या लेबलवर प्रकार छापतो, पण इतक्या बारीक अक्षरात की हेल्परला चष्मा लावून वाचावा लागतो.

जानेवारीत अपडेट आलं. 'अंशतः भरले' ही पायरी आली, त्या पायरीवरही लेबल छापतं. आहाराचा रकाना एकाच पर्यायाचा आणि खोक्यांचं गणित होतं तसंच. पायऱ्यांच्या नोंदींसाठी तीन तारे, अपडेटसाठी अर्धा. वार्षिक प्लॅन घेतला नाही, जुलै ते ऑक्टोबर महिन्याच्या हप्त्यावरच घेणार. जादा चकल्यांपैकी २६ पाकिटं कँटीनच्या चहाबरोबर संपली, उरलेली चौदा डिसेंबरात मऊ पडली.